गरोदर बायकांच्या वर्गात बद्धकोष्ठाबद्दल काय बोलू?

*“मी तालुक्याच्या गावातल्या एका प्रसूतिगृहात स्टाफ नर्स आहे. दर महिन्याला आमच्याकडे गरोदर बायकांचा वर्ग असतो. या वेळी मॅडमनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘बद्धकोष्ठ आणि कुंथणं’. मागच्या वेळी एका ताईंनी हेच सांगितलं होतं. ‘पालेभाज्या खा, पाणी प्या, चाला.’ बायका एकमेकींकडे बघून हसल्या, कुणी काही विचारलं नाही आणि नंतर ओपीडीत दोघी मूळव्याधीची तक्रार घेऊन आल्या. पंधरा मिनिटांत असं काय सांगू, की त्या घरी जाऊन खरंच काही करतील?”*
— एक सिस्टर, सांगली जिल्हा

सिस्टर, पालेभाज्यांपासून सुरुवात करू नका. ‘पालेभाजी खा’ हे प्रत्येकीने लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे पहिल्याच वाक्याला कान बंद होतात. सुरुवात संडासापासून करा. कसं बसायचं आणि श्वासाचं काय करायचं, हे बायकांना आजवर कुणीच सांगितलेलं नसतं. ते त्याच दिवशी घरी जाऊन करता येतं आणि त्याला पैसाही लागत नाही.

वर्गात दोन गोष्टी घेऊन जा: एक खुर्ची आणि मोरीत कपडे धुताना बसायला असतो तो प्लॅस्टिकचा छोटा स्टूल. वीतभर किंवा त्याहून थोडा कमी उंचीचा पुरतो. लाकडी पाट चालत नाही, तो फारच बुटका पडतो. खुर्चीला कमोड समजा आणि स्वतः बसून दाखवा. दोन्ही पाय स्टूलवर पूर्ण टेकलेले, टाचासुद्धा. गुडघे कमरेपेक्षा वर, पाय चांगले फाकलेले, अंग थोडं पुढे झुकलेलं आणि कोपरं मांड्यांवर. सातव्या महिन्यानंतर पोट मध्ये येतं आणि एका स्टूलवर पाय जवळजवळ ठेवून पुढे वाकता येत नाही. अशा वेळी दोन छोटे स्टूल घ्यायला सांगा, एकेका पायाखाली एक, म्हणजे मध्ये पोटाला जागा राहते. उलटी बादली किंवा टब वापरायला मात्र सांगू नका, ओल्या फरशीवर ते सरकतात.

याचं कारण एका वाक्यात सांगा. गुदद्वाराच्या वरच्या बाजूला एक स्नायू मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला मागून कवेत घेऊन पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे पाण्याची नळी दुमडावी तसा बाक तयार होतो. आपल्याला नको असताना शौच होत नाही ती या बाकामुळेच. उकिडवं बसलं की तो स्नायू सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. कमोडवर पाय लोंबते ठेवून बसलं तर बाक तसाच राहतो आणि बाई बंद दारावर जोर लावत बसते. ज्यांच्या घरी भारतीय पद्धतीचं शौचालय आहे त्यांना सांगा की तुमची बसण्याची पद्धत आधीच बरोबर आहे. फक्त शेवटच्या दोन महिन्यांत तोल जातो, गुडघे दुखतात, उठताना चक्कर येते. म्हणून समोरच्या भिंतीला धरायला एक दांडी बसवून घ्या आणि आतून कडी न लावता नुसतं दार लोटून घ्या.

आता श्वास. हा भाग घाईने उरकू नका, पंधरातली चार मिनिटं यालाच द्या. सगळ्यांना बसल्या जागी एक हात पोटाच्या बाजूला, कमरेच्या वर ठेवायला सांगा. आधी म्हणा, “श्वास आत घ्या, तोंड बंद करा, आणि नेहमी करता तसा जोर करा, पण अगदी हलका, अर्धा क्षणच.” गळा आवळला गेला, चेहरा ताठ झाला आणि जोर खाली ओटीपोटात गेला, हे त्यांना लगेच जाणवेल. याला आपण कुंथणं म्हणतो. मग म्हणा, “आता तोंड उघडं ठेवा, पोट बाजूला फुगू द्या आणि मूठ तोंडाशी धरून तिच्यात हळूहळू फुंकर मारा.” हाताखाली कंबर रुंद झाल्यासारखी वाटते आणि खालचा भाग आपोआप ढिला पडतो. हवं तर फुंकरीऐवजी ‘मूऽऽ’ असा लांब आवाज काढायला सांगा. बायका हसतील, हसू द्या, या वेळचं हसणं उपयोगाचं आहे. हसताना गळा मोकळा असतो आणि संडासात नेमका तोच मोकळा हवा असतो.

त्याला जोडून एक नियम द्या. फुंकर मारत पाच मिनिटं झाली आणि काही झालं नाही तर उठायचं. धुवायचं, बाहेर यायचं आणि पुन्हा कळ आली की जायचं. मोबाइल बाहेरच ठेवायचा. कमोडच्या भांड्यावर वीस मिनिटं बसलं की बैठकीचा आधार फक्त कडेला मिळतो, मधला भाग लोंबत राहतो आणि गुदद्वाराभोवतीच्या शिरांमध्ये रक्त साचतं. गरोदरपणात गर्भाशयाच्या दाबाने त्या शिरा आधीच फुगलेल्या असतात. तुमच्या ओपीडीत आलेल्या त्या दोघींना जरूर विचारा की त्या आत किती वेळ बसत होत्या.

इथे एक प्रश्न दबलेला असतो, तो तुम्हीच काढा, कारण त्या विचारणार नाहीत. “जोर केल्याने बाळ खाली सरकेल का? गर्भपात होईल का?” याचं उत्तर स्पष्ट द्या: नाही. निरोगी गरोदरपणात शौचाला जोर केल्याने बाळ पडत नाही, गर्भाशयाचं तोंडही उघडत नाही. ज्यांना डॉक्टरांनी वार खाली असल्याचं किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातल्याचं सांगितलं आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना वेगळं विचारावं. कुंथण्याने नुकसान होतं ते आईचं. मूळव्याधीचे कोंब येतात, गुदद्वाराला चीर पडते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जाऊन पुढे लघवीवरचा ताबा सैल होतो. ही भीती मनात असली की बाई जोरच नको म्हणून शौचाला जाणंच टाळते. दोन दिवस थांबलेला मळ आणखी कोरडा होतो आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट कुंथावं लागतं.

आता गोळ्यांवर या. त्यांचं खरं भांडण गोळीशीच असतं. सरकारी दवाखान्यात मिळते ती लाल गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, आणि रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. ती सुरू झाली की अनेकींचा मळ काळा आणि घट्ट होतो. काळा रंग लोहाचाच असतो, त्याला घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर बाई घरी बघते, घाबरते आणि गोळी बंद करते. पुढच्या तपासणीला “घेते ना रोज” म्हणते आणि हिमोग्लोबिन मात्र आहे तिथेच. त्यामुळे वर्गात विचारताना “गोळी घेता का?” असं विचारू नका. “कुणाकुणाला गोळीने घट्ट झालं?” असं विचारा. हात वर होतील.

मग त्यांना सांगा की गोळी सोडायची नाही, तिची वेळ आणि सोबत बदलायची. रिकाम्या पोटी घेतलेली उत्तम लागते हे खरं, पण ज्या बाईला त्याने मळमळ होते तिने रात्री जेवणानंतर झोपताना घेतलेली गोळी तिने कचऱ्यात टाकलेल्या गोळीपेक्षा केव्हाही चांगली. चहासोबत घ्यायची नाही, पुढे-मागे तासभर चहाही नको. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर वेगळ्या वेळी, दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवून. एवढं करूनही त्रास होत असेल तर डॉक्टरांना सरळ सांगायचं. लोहाचा प्रकार किंवा मात्रा बदलता येते, गरज पडली तर शिरेतून लोह देता येतं. अ‍ॅसिडिटीसाठी जे पांढरं औषध बाटलीतून घेतात, त्यातल्या काहींमध्ये अ‍ॅल्युमिनियम असतं आणि त्यानेही पोट बांधलं जातं. तीही बाटली तपासणीला सोबत आणायला सांगा.

गोळीवर सगळं ढकलू नका मात्र. गरोदरपणात वाढलेलं प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं, तसेच आतड्याचेही ठेवतं. अन्न सावकाश पुढे सरकतं, मोठ्या आतड्यात जास्त वेळ राहतं आणि तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं. म्हणून गोळी सुरू होण्याआधी, दुसऱ्या महिन्यातच काहींना त्रास सुरू होतो. उलट्यांमुळे त्या नुसत्या टोस्ट-खारीवर असतात, तेही भर घालतं.

एका बाईचं सांगते, ती आमच्या वर्गात यायची. सातवा महिना, नोकरी मुंबईत, घर डोंबिवलीला. सकाळी उठून चहासोबत लोहाची गोळी, मग धावत लोकल. कळ यायची ती नेमकी गाडीत किंवा ऑफिसात पोचल्यावर. तिथलं शौचालय पुरुषांबरोबर सामाईक, म्हणून ती दाबून ठेवायची आणि लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले पाणी. रात्री घरी कमोडवर मोबाइल घेऊन अर्धा अर्धा तास. चौथ्या दिवशी मेंढीच्या लेंड्यांसारखे खडे, त्यावर लाल रक्ताची रेघ आणि काच चिरल्यासारखी वेदना. ती म्हणाली, मला मूळव्याध झालीय. तपासल्यावर निघाली चीर, म्हणजे फिशर. कोंबातून सहसा थेंब थेंब रक्त पडतं आणि फारसं दुखत नाही. चिरेचं दुखणं मात्र शौचानंतरही तास-दोन तास राहतं. हा फरक बायकांना ठाऊक नसतो आणि दोन्हींवर त्या तीच कुणीतरी सुचवलेली मलमं लावत बसतात.

तिच्या डॉक्टरांनी दोन आठवडे लॅक्टुलोजचं पातळ औषध दिलं आणि कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगितलं. बाकीचं आम्ही बदललं. लोहाची गोळी रात्रीवर गेली. गजर अर्धा तास आधी लागला. उठल्यावर कोमट पाणी, मग लगेच पोटभर नाश्ता. नुसता चहा नव्हे, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं आणि नाश्त्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत कळ येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तिची हीच कळ रोज लोकलमध्ये वाया जात होती. नाश्त्यानंतर कळ असो-नसो, स्टूलवर पाय ठेवून पाच मिनिटं बसायचं. पहिले तीन-चार दिवस काहीच फरक पडला नाही, उलट औषधाने पोटात गॅस झाला आणि ती वैतागली. आठवडा उलटल्यावर मळ मऊ झाला, वेदना कमी झाल्या तशी शौचाची भीती गेली, आणि दहा-बारा दिवसांनी सकाळची वेळ लागली. औषध बंद केल्यावरही ती वेळ टिकली. पाणी मात्र तिने शेवटपर्यंत ऑफिसात कमीच प्यायलं. ती कसर घरी आणि डब्यासोबत भरून काढली.

पाण्याबद्दल एवढंच सांगा की लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. पुरेसं पिणाऱ्या बाईने आणखी तांब्याभर प्यायलं तर ते लघवीवाटे जातं, मळ त्याने मऊ होत नाही. कमी पिणारीला मात्र फरक पडतो आणि जी चोथा वाढवते आहे तिला पाणी हवंच. इसबगोल घेणाऱ्यांना हे बजावून सांगा: एक चमचा, पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. सुकं तोंडात टाकून घोटभर पाण्यावर ढकललेलं इसबगोल आतच फुगून उलट अडकतं. लोहाच्या गोळीपासून तेही दोन तास लांब. एका दिवसात परिणाम दिसत नाही, दोन-तीन दिवस जातात.

आता जेवण, थोडक्यात. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो असं म्हणून सोडू नका, तो ताटात दाखवा. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण सहा ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीत चार-पाच, एका पेरूत आठ, वाटीभर पालेभाजीत तीन. झाली की बावीसच्या आसपास बेरीज, बाकीचं वरण आणि कोशिंबीर पुरं करतात. उलट, उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वेफर आणि चहा यांत चोथा जवळपास नसतोच. श्रावणात आणि नवरात्रात गरोदर बायकांची पोटं बिघडतात त्यात साबुदाण्याचा मोठा वाटा असतो, असं माझं मत आहे. उपास सोडायला सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत. त्याऐवजी राजगिरा, रताळं सालीसकट आणि पेरू सुचवा. गरोदरपणातला मधुमेह असलेल्यांना रताळं मोजून खायला सांगा आणि मनुका-अंजीर भिजवून खाण्याचा सल्ला सरसकट देऊ नका. चोथा हळूहळू वाढवायचा. एकाच दिवशी दोन वाट्या उसळ खाल्ली तर दुसऱ्या दिवशी गॅसने पोट फुगतं आणि बाई पुन्हा टोस्टवर येते.

एरंडेलाचा विषय तुम्ही काढला नाही तर घरी कुणीतरी काढेलच. गरोदरपणात एरंडेल नको. त्याने जुलाब होतात, पाणी कमी होतं आणि गर्भाशयाला कळा सुटू शकतात. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून घेतली जाणारी चूर्णं डब्यावर वाचायला शिकवा. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. घरी एनिमाही नको.

शेवटची तीन मिनिटं मात्र राखून ठेवा, कारण ही गोष्ट बद्धकोष्ठाच्या वर्गात सांगितली नाही तर दुसरीकडे कुठे सांगितली जात नाही. बाळाचं डोकं खाली उतरलं की ते गुदाशयावर दाबतं आणि बाईला अगदी संडासला आल्यासारखं वाटतं. नवव्या महिन्यात पोट ठरावीक वेळाने घट्ट होतंय, कंबर दुखतेय, आणि सोबत खाली जोराची कळ येतेय, तर ती शौचाची कळ समजून आत जाऊन जोर करायचा नाही. घरच्यांना हाक मारायची आणि दवाखान्यात यायचं. बाथरूममध्ये बाळंतपण झाल्याचे प्रसंग तुम्हीही ऐकले असतील, ते बहुतेक असेच घडतात. आणि हे नवव्या महिन्याआधी घडलं तर अधिकच तातडीने यायचं, ‘काल शौचाला झालं नाही म्हणून असेल’ असं म्हणत थांबायचं नाही. याशिवाय पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, योनीमार्गातून रक्त जात असेल, किंवा मळ डांबरासारखा चिकट आणि दुर्गंधीचा होऊन चक्कर येत असेल, तर घरगुती उपाय नकोत, थेट तपासणी. कोंबातलं असेल असं वाटलं तरी शौचातून रक्त गेल्याचं पुढच्या भेटीत सांगायचंच.

शक्य असेल तर त्या दिवशी सासूबाईंना किंवा आईलाही बोलवा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, थंड पडेल, पोट सुटेल, ही समजूत अजून कितीतरी घरांत आहे. त्यात डिंकाचे लाडू आणि तूप-भात, भाजी जवळपास नाहीच. टाके असलेली बाई त्या भीतीने आधीच शौच रोखून धरते, त्यात पाणीही मिळत नाही. पहिलं शौच प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी होणं सामान्य आहे. त्या वेळी स्वच्छ पॅड टाक्यांवर हलक्या हाताने दाबून धरायचं, पाय स्टूलवर, तोंड उघडं आणि तीच फुंकर. टाके त्याने उसवत नाहीत. हे सासूबाईंच्या समोर तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की सुनेला स्वतःला भांडावं लागत नाही. तीन दिवस उलटूनही झालं नाही तर तुम्हाला फोन करायचा, हेही तिथेच सांगून ठेवा, आणि वॉर्डचा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.